स्क्रिप्टमध्ये स्पॉयलर नव्हता, तरी शेवट फुटला: एका पुस्तक-व्हिडिओची गोष्ट

मैत्रिणीचं मराठी पुस्तकांचं एक छोटं चॅनल आहे. ती कॅमेऱ्यासमोर बोलते, एक डोंबिवलीचा मुलगा शूट आणि एडिट करतो, आणि अधूनमधून स्क्रिप्ट बघायला मला बोलावतात. यावेळी मला बोलावलं तेव्हा व्हिडिओ जवळजवळ तयार होता, साधारण सहा मिनिटांचा, विना-स्पॉयलर रिव्ह्यू, मध्ये चार कोट स्क्रीनवर आणि बाकी वाचतानाचे सीन. स्क्रिप्ट वाचली, त्यात खरंच काही फोडलेलं नव्हतं. पण दादरला तिच्या मावशीच्या घरी शूट चालू होतं तेव्हा मावशीने लॅपटॉपवर रफ कट बघितला होता, तोही आवाज बंद ठेवून, कारण आत काकांची झोप. संपल्यावर मावशी म्हणाली, "अगं पत्रं आईच लिहितेय ना ती?"

पुस्तक मावशीने वाचलेलं नव्हतं. आणि हो, पत्रं आईच लिहीत असते.

आता पुढे जायच्या आधी एक सांगतो, मूळ कादंबरीचं नाव मी देत नाहीये आणि कथानकही बदललंय, नाहीतर हा लेखच सगळ्यात मोठा स्पॉयलर व्हायचा. घडण तीच ठेवली आहे, माणसं, धागे आणि कोट मी इथे नव्याने केलेत. तर समजा अशी कादंबरी. लालबागची चाळ, १९८२ चा गिरणी संप. (संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, हे तेवढं खरं.) अप्पा गिरणीत कामाला, संप लांबतो आणि एक दिवस अप्पा घरातून जातात ते परत येत नाहीत. अकरा वर्षांची मुलगी गोष्ट सांगते. थोड्या दिवसांनी अप्पांची पत्रं यायला लागतात. २६० पानांची कादंबरी, आणि दोनशेच्या आसपास कळतं की अप्पा पहिल्याच आठवड्यात वारलेले असतात आणि मुलीचं मन मोडू नये म्हणून पत्रं आई लिहीत असते. मागच्या कव्हरवर फक्त एवढंच: वडील बेपत्ता, पत्रं येतायत, मुलगी वाट बघतेय.

विना-स्पॉयलर म्हणजे काय यावर बहुतेक लोक जे करतात ते मैत्रिणीनेही केलं होतं, म्हणजे स्क्रिप्टला कुंपण घातलं होतं. पान ३८ वर पहिलं पत्र येतं, तिथपर्यंतच्या घटना सांगायच्या, पुढचं काही नाही. हे कुंपण चांगलंच आहे, कारण मागच्या कव्हरवर प्रकाशकाने जे स्वतः सांगितलंय त्याच्या पुढे तुम्ही जात नाही आणि प्रेक्षकाला पुस्तक कशाबद्दल आहे हेही कळतं. पण कुंपण घटनांना होतं. कोटला नव्हतं, फाँटला नव्हतं, बी-रोलला, म्हणजे आवाजाखाली मध्येमध्ये लावलेल्या शॉटना तर अजिबातच नव्हतं. आणि व्हिडिओत तीन गोष्टी एकाच वेळी बोलत असतात, तिचा आवाज, स्क्रीनवरची अक्षरं आणि मागचं चित्र. प्रत्येक गोष्ट एकेकटी तपासली तर निर्दोष, शेजारीशेजारी आल्या की चौथंच काहीतरी सांगून मोकळ्या.

मावशीला विचारलं, कशावरून वाटलं तुला? तर म्हणाली, "अक्षर सारखंच आहे की दोन्हीकडे." एडिटर म्हणाला, "अहो मावशी, तो फाँट आहे." मावशी म्हणाली, "असेल रे बाबा, पण अक्षर सारखंच आहे."

झालं काय होतं बघा. पहिला कोट पत्रातला होता, म्हणून एडिटरने हाताने लिहिल्यासारखा दिसणारा देवनागरी फाँट लावला, पिवळसर कागदाचं टेक्स्चर खाली. छान दिसत होता. दीड मिनिटाने दुसरा कोट येतो, आईच्या दुधाच्या हिशोबाच्या वहीतला: "मंगळवारी दूध नाही. बुधवारी अर्धा लिटर जास्त." हाही हाताने लिहिलेला मजकूर, म्हणून त्यालाही तोच फाँट. एडिटरच्या दृष्टीने हे बरोबरच, हस्तलिखित म्हणजे हस्तलिखिताचा फाँट, स्टाइल एकसारखी ठेवावी असंच शिकवतात. पण प्रेक्षकाने काय बघितलं? अप्पांचं पत्र आणि आईची वही एकाच हाताने लिहिलेली. कादंबरीत नेमका हाच धागा दोनशे पानं लपवून ठेवलाय आणि इथे तो तिसऱ्या मिनिटाला मोठ्या अक्षरात. मैत्रिणीने पुस्तक दोनदा वाचलेलं असल्यामुळे तिला ते दिसलंच नाही, तिच्या डोक्यात ती दोन्ही अक्षरं एकाच बाईची होतीच ना आधीपासून.

त्या फाँटच्या मागे अजून एक गोष्ट दडलेली होती, आणि मला विचाराल तर ती जास्त भारी आहे. पत्राचा कोट असा होता:

"इकडे पाऊस थांबत नाही. तुझी शाळा बुडत नाही ना? वह्यांना कव्हरं घाल. दिव्यातलं तेल संपत आलंय, आता थांबते."

थांबते. अप्पांनी लिहिलं असतं तर थांबतो झालं असतं. कादंबरीत ही चूक मुद्दाम पेरलेली आहे, एकाच पत्रात, एकदाच. पानावर वाचताना ती कुणाच्या लक्षात येत नाही कारण पत्र दीड पानाचं, आजूबाजूला चाळीतली गडबड, नळावरची भांडणं, आणि आपण गोष्टीच्या नादात पुढे गेलेलो असतो. आपल्याकडे क्रियापदातच बाई की माणूस ते बसलेलं असल्यामुळे रहस्यकथा लिहिणाऱ्याला मराठीत फार जपून लिहावं लागतं, आणि इथे तर त्याचाच खेळ केलेला. पण तेच वाक्य पानातून उचलून काळ्या स्क्रीनवर एकटं सहा सेकंद ठेवलं की शेवटचा शब्द डोळ्यात घुसतो. पुस्तक जे गर्दीत लपवतं ते कोट गर्दीतून बाहेर ओढून काढतो. म्हणून कोट निवडताना फक्त "यात काही फुटतंय का" एवढं बघून भागत नाही, हे वाक्य एकटं उभं केल्यावर त्यातलं काय मोठं दिसायला लागतं ते बघावं लागतं. कर्ता कोण, लिंग काय, एकवचन की अनेकवचन, "ते" आदरार्थी आहे की दोघंजण आहेत. हे चार प्रश्न प्रत्येक कोटला विचारले की बरंचसं सापडतं.

तिने पहिल्यांदा सुचवलं की शेवटचा शब्द कापूया, "आता" नंतर टिंबं देऊ. ते मी नको म्हटलं. एक तर तो कोट मग खोटा होतो, लेखनात मुद्दाम ठेवलेली गोष्ट आपण पुसतोय. आणि दुसरं, ज्यांनी पुस्तक वाचलंय ते लगेच म्हणतील हे का कापलं, आणि ते असं खाली कुठेतरी लिहिणारच, म्हणजे परत फुटलं. कोट एकतर जसाच्या तसा घ्या नाहीतर घेऊच नका. कोट गेला.

स्क्रिप्टमध्येही अशीच बारीक गळती होती, ती मात्र आवाज चालू केल्यावर कळली. तिचं एक वाक्य होतं, "अप्पा फार हळवे होते, मुलीवर जीव टाकायचे." आता मराठीत जिवंत माणसाबद्दल कुणी असं बोलतं का? "होते" आणि "टाकायचे" म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात फोटोला हार घालतो. पुस्तकाबद्दल बोलताना आपण सवयीने भूतकाळात जातो कारण आपलं वाचून झालेलं असतं, आणि बेपत्ता माणसाच्या गोष्टीत ही सवय सरळ निकाल देऊन टाकते. आम्ही ते असं केलं: "अप्पा म्हणजे मुलीवर जीव टाकणारा माणूस." क्रियापदच नाही, भानगड नाही. बाकीची सगळी पात्रंही वर्तमानात आणली, मुलगी वाट बघते, आई शिवणाचं काम घेते, शेजारी येतात, म्हणजे अप्पांनाच वेगळी वागणूक दिल्यासारखं वाटत नाही. हे महत्त्वाचं, कारण फक्त एका पात्राचा काळ बदलला तर तेही कान टवकारून ऐकणाऱ्याला कळतं.

दुसरं वाक्य होतं, "आईचं पात्र मला सगळ्यात जास्त आवडलं, का ते वाचल्यावर कळेलच." हे तर स्पॉयलरपेक्षा वाईट. काहीच न सांगता आईकडे बोट दाखवलंय. विना-स्पॉयलर रिव्ह्यूमधली ही सगळ्यात कॉमन सवय आहे, "कळेलच", "मी काही सांगणार नाही पण", "तिसऱ्या भागात बघा काय होतं ते". डोळा मारणं म्हणतो मी याला. पुस्तक न वाचलेल्या माणसाला त्या क्षणी मजा येते आणि नंतर वाचताना तो आईवर नजर ठेवून बसतो. आम्ही ते कारणासकट सांगितलं, फक्त कारण कुंपणाच्या आतलं घेतलं: आई संपाच्या पहिल्या महिन्यात घरातली भांडी विकायला काढते आणि विकताना शेजारणीला सांगते की जुनी झाली होती, नवीन घेणार आहोत. हे पान २१ वर आहे, सुंदर आहे, आणि गंमत म्हणजे शेवट कळल्यावर हाच प्रसंग परत आठवतो (बाई पहिल्यापासून घरासाठी खोटं बोलतेय!) पण आधी ऐकताना तो फक्त स्वाभिमानाचा वाटतो. असे प्रसंग शोधायला वेळ लागतो, पण रिव्ह्यूला वजन यायचं तर ते यातूनच येतं.

आता कोट. चारचे तीन झाले. पत्राचा गेला, दुधाचा हिशोब राहिला. चौथा होता पान २१२ वरचा, वाक्य एकदम साधं, कुणी कशाबद्दल बोलतंय ते कळणार नाही असं, पण एडिटरने खाली कोपऱ्यात पान क्रमांक टाकला होता आणि शिवाय तो कोट व्हिडिओच्या अगदी शेवटी, संगीत थांबवून. शेवटी ठेवलेलं आणि शेवटच्या पानांतलं वाक्य म्हणजे प्रेक्षक त्यात उत्तर शोधणार. त्याच्या जागी पान ९ वरचा एक घेतला आणि तो सुरुवातीला, पहिल्या अर्ध्या मिनिटात:

"आमच्या खोलीला घड्याळ नव्हतं, गिरणीचा भोंगा होता. संप लागला तसं आम्ही वेळ विचारायला शेजारी जाऊ लागलो."

याच्यात काळ आहे, जागा आहे, घरची परिस्थिती आहे, बोलणाऱ्याचा आवाज आहे, आणि फुटण्यासारखं काही नाही. माझ्या मते बहुतेक कादंबऱ्यांत पहिल्या पंधरावीस पानांतच असं एखादं वाक्य असतं, कारण लेखक तिथे आपल्याला जगात ओढत असतो आणि रिव्ह्यूलाही तेच काम करायचं असतं. लोक मात्र हायलाइटरने शेवटची पानं रंगवतात आणि तिथले कोट उचलतात.

हा कोट स्क्रीनवर किती वेळ ठेवायचा यावर एडिटरचं आणि माझं वाजलं. त्याने चार सेकंद ठेवला होता आणि तेव्हाच मैत्रीण पुढचं वाक्य बोलत होती, म्हणजे डोळे एक वाचतायत आणि कान दुसरं ऐकतायत, दोन्ही डोक्यात जात नाही. मोजायला सोपं आहे. कोट सोळा शब्दांचा. ती कॅमेऱ्यासमोर मिनिटाला साधारण १३० शब्द बोलते, म्हणजे हा कोट मोठ्याने वाचायला तिला सात-साडेसात सेकंद लागतात. आम्ही तो तिच्या आवाजात जसाच्या तसा वाचून घेतला आणि स्क्रीनवर साडेआठ सेकंद ठेवला, आवाज संपल्यावर एखादा सेकंद शांत. दुधाच्या हिशोबाचा कोट छोटा, तो ती वाचतच नाही, पाच सेकंद नुसता दिसतो आणि खाली फक्त खोलीतला पंख्याचा आवाज. मनातल्या मनात हळू दोनदा वाचून होईल इतका वेळ, अशी आमची मोजपट्टी. वाचत असाल तर अक्षर न अक्षर तेच वाचा, नसाल वाचत तर गप्प बसा, मधलं काही नको. आणि सोळा शब्द दोन ओळींत, ओळ जिथे श्वास घेतो तिथे तोडलेली, "होता" नंतर. आधी ती "गिरणीचा" आणि "भोंगा" यांच्यामध्ये तुटत होती, का तर तिथे रुंदी संपत होती म्हणे.

देवनागरीचा एक वेगळाच त्रास असतो, तो पण सांगून टाकतो. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर केलेलं नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराच्या मागे जाऊन बसते, "स्थिती" वाचवत नाही. हे एडिटरला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं ते ल आणि श चं, बऱ्याच फाँटमध्ये हे दोन हिंदी वळणाचे येतात आणि मराठी वाचणाऱ्याला पुस्तकातला कोट असा दिसला की काहीतरी खुपतं, काय ते सांगता येत नाही. तिरो देवनागरीचा मराठी असा वेगळा प्रकार आहे, त्यात ही अक्षरं आपल्या वळणाची येतात, दिसायलाही छापील पुस्तकासारखा. सगळे कोट त्यात टाकले. दुधाचा हिशोबसुद्धा. हाताच्या अक्षराचा फाँट पूर्ण काढून टाकला आणि सगळ्या कोटना छापील पानाचा एकच चेहरा दिला, म्हणजे अक्षर कुणाचं हा प्रश्नच राहत नाही, सगळं पुस्तकाचं. एडिटरला थोडं वाईट वाटलं. ओळींमधली जागा वाढवली कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांवर चढत होत्या, "जाऊ" तर अर्धा खाल्ला होता.

(कायद्याचं कुणीतरी विचारतंच म्हणून: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला जागा आहे. इतके शब्द चालतील असा आकडा त्यात नाही. आम्ही दोनतीन ओळींच्या वर जात नाही आणि लेखक, पुस्तक, प्रकाशक प्रत्येक कोटखाली दिसतो. पान क्रमांक फक्त पहिल्या भागातल्या कोटना.)

आता बी-रोल, म्हणजे खरा चोर.

पहिल्या कटमध्ये वाचतानाचे सीन छान होते, तक्रार नाही. मावशीच्या गॅलरीत पावसाचं वातावरण, मैत्रीण पाय वर घेऊन वाचतेय, चहा, बोट ओळीवरून फिरतंय. पण त्याच्यात मधूनच हे तीन शॉट. एक, मावशीकडची काकांची आरामखुर्ची, रिकामी, खिडकीचा उजेड पडलेला. दोन, एका बाईचा हात शाईच्या पेनाने कागदावर काहीतरी लिहितोय. तीन, मैत्रीण पुस्तक मिटते आणि डोळे पुसते. आणि हे कुठे लावले होते? रिकामी खुर्ची "अप्पा घरातून जातात" या वाक्यानंतर. बाईचा हात "आणि मग पत्रं यायला लागतात" यावर! एडिटरला विचारलं तर म्हणे पत्राचा शॉट पाहिजे होता आणि शूटला लिहायला मावशीच होती. हात कुणाचा हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. प्रेक्षकाला मात्र बांगड्या दिसल्या.

सिनेमावाले याला कुलेशॉव्ह इफेक्ट म्हणतात, रशियाच्या लेव्ह कुलेशॉव्हच्या नावावरून. त्याने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांशेजारी जोडला, आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक, कधी दुःख दिसलं असं सांगतात. अर्थ शॉटमध्ये नसतो, जोडात असतो. बी-रोलमध्ये आपण हेच करतो, फक्त आपल्याला वाटतं आपण नुसती जागा भरतोय. त्यामुळे आता आमचा नियम असा की कथानक सांगणाऱ्या वाक्यावर कथानकासारखा दिसणारा शॉट ठेवायचाच नाही. कथानक चालू असेल तर चित्र फक्त वाचणाऱ्याचं, वाचणं म्हणजे वाचणं. जागेचे शॉट, वस्तूंचे शॉट, मूड वगैरे फक्त तिच्या मतांवर, म्हणजे भाषा कशी आहे, वेग कसा आहे या भागावर. तिथे ते काहीही सूचित करू शकत नाहीत कारण वाक्यात माणसंच नाहीत.

ते जोड कागदावर कसे दिसतात त्यासाठी स्क्रिप्टचा हा तुकडा. आधी:

आवाज: एक दिवस अप्पा घरातून जातात, ते परत येत नाहीत.
चित्र: रिकामी आरामखुर्ची, हळू झूम.
आवाज: आणि मग पत्रं यायला लागतात.
चित्र: लिहिणारा हात, क्लोजअप.
स्क्रीनवर: पत्रातला कोट, हाताच्या अक्षरात.

नंतर:

आवाज: एक दिवस अप्पा घरातून जातात. आणि मग त्यांची पत्रं यायला लागतात.
चित्र: गॅलरीत वाचतेय, खांद्यावरून, एकच शॉट, कट नाही.
स्क्रीनवर: काही नाही.
आवाज: ही सगळी गोष्ट अकरा वर्षांची मुलगी सांगते आणि तिला जे कळतं तेवढंच आपल्याला कळतं.
चित्र: पान उलटतंय, वरून.

"परत येत नाहीत" गेलं हे लक्षात आलं असेल. ते कव्हरवरही नव्हतं, ते तिने घातलेलं होतं. "त्यांची पत्रं" यावर मात्र आमचा वाद झाला, कारण ती त्यांची नाहीतच, मग आपण खोटं बोलतोय का? शेवटी ठेवलं. मुलगी तसंच म्हणते, आणि पुढचंच वाक्य सांगतं की आपल्याला मुलीइतकंच कळतं. कुणी नंतर परत बघितला तर त्याला कळेल की खोटं बोललेलो नाही.

डोळे पुसण्याचा शॉट काढला. पुस्तक रडवतं हे सांगायला हरकत नाही, पण वाचणारीच्या हातात त्या वेळी डाव्या बाजूला जाड गठ्ठा आणि उजवीकडे पाचदहा पानं होती. म्हणजे रडू शेवटी आहे. पानांची जाडी हे बी-रोलमधलं घड्याळ आहे, आणि प्रेक्षक ते नकळत वाचतो. आता सगळे वाचतानाचे शॉट पहिल्या अडतीस पानांत उघडून घेतले, आणि फ्रेम अशी की एकच पान दिसेल, नाहीतर पुस्तक मांडीत कललेलं. शिवाय हल्ली फोनसुद्धा फोर-केमध्ये शूट करतो आणि लोक पॉज करून पानावरचा मजकूर वाचतात, खरंच वाचतात. म्हणून उघडलेलं पान कुंपणाच्या आतलंच असलं पाहिजे, धूसर केलेलं असलं तरी.

पुनर्शूट एका दुपारी झालं, मावशीकडेच. मैत्रिणीला लोकलमध्ये वाचतानाचा सीन हवा होता, मुंबईचं पुस्तक आहे तर लोकल पाहिजेच ना असं तिचं म्हणणं. पण स्टेशनात आणि गाडीत शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, आणि लेडीज डब्यात बाकीच्या बायकांचे चेहरे येणार, तेही न विचारता. नाही केलं. लालबागला जाऊन गिरणीची चिमणी शूट करूया असंही निघालं, पण गिरण्यांच्या कितीतरी जमिनींवर आता टॉवर आणि मॉल आहेत, ते दाखवलं तर व्हिडिओ वेगळ्याच विषयावर जातो. गॅलरी, खिडकी, स्वयंपाकघरातला ओटा, बस.

आत शूट करताना पहिल्या कटमध्ये पानावर काळसर पट्टे सरकत होते ते सगळ्यांनी बघितलं आणि कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, आणि फोनने स्वतःहून सेकंदाला ३० फ्रेमवर १/६० सेकंदाचं शटर धरलं होतं, त्यांचं जुळत नाही. आणि पांढऱ्या पानावर ते जितकं दिसतं तितकं चेहऱ्यावर दिसत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू करून २५ फ्रेम घेतले आणि प्रो ॲपमध्ये शटर १/५० ला बांधलं, पट्टे गेले. पान उलटण्याचा शॉट ५० फ्रेमने, १/१०० शटरवर घेतला आणि २५ वर अर्ध्या वेगाने लावला. त्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला, पंखा बंद करून फोन पानाजवळ धरून, कारण शूटमधला आवाज म्हणजे नुसते कावळे.

एक अडचण मात्र तशीच राहिली, तिला सोपं उत्तर नाही. मैत्रिणीला कादंबरीची शेवटची साठ पानं आवडली नव्हती. उघडकीला येईपर्यंत संथ, सुंदर, आणि मग सगळं घाईघाईत समजावून सांगितलंय असं तिचं म्हणणं, आणि मला ते पटतं. पण हे म्हणायचं कसं? "खुलासा घाईत झालाय" म्हटलं तर खुलासा आहे हे सांगितलं. "शेवट पटला नाही" म्हटलं तर पुरावा न देता नावं ठेवली, लेखकावर अन्याय. तिने शेवटी असं केलं की लेखनाच्या चालीबद्दल बोलली आणि तुलना पुस्तकाच्याच आतल्या भागाशी केली: पहिल्या भागात एक भांडं विकायला दोन पानं दिलीत, एवढी उसंत शेवटच्या साठ पानांत नाही, तिथे माणसं बोलण्याऐवजी सांगायला लागतात. यात काय घडतं ते कळत नाही, टीका मात्र पूर्ण आहे आणि पडताळून बघता येते. तरी ही टीका अर्धीच, हे मान्य. पूर्ण करायची तर काय सांगितलं ते सांगावं लागेल. त्याच व्हिडिओत शेवटी "आता स्पॉयलर" असा भाग ठेवायचं तिने सुचवलं होतं, ते टाळलं, कारण खालची पट्टी बोटाने सरकवताना तिथली चित्रं दिसतात आणि कोट तर त्यात वाचताही येतात. वाचून झालेल्यांसाठी वेगळा व्हिडिओ करायचा ठरलंय.

टायटलमध्ये आधी "शेवटचा ट्विस्ट" होतं. ते गेलं. ट्विस्ट आहे हे कळलं की वाचणारा प्रत्येक पत्राकडे संशयाने बघतो, आणि या पुस्तकात संशय घेतला की दहा मिनिटांत सापडतं. आता टायटलमध्ये संप आणि चाळ आहे. चॅप्टरची नावं पण साधी, 0:00 ला "भोंगा", मग "घर", "भाषा", "काय खटकलं".

नवीन कट मावशीला दाखवून उपयोग नव्हता, तिला शेवट माहीत झालेला. तिच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी रहस्यकथा खूप वाचतात, त्यांना दाखवला, आधी आवाज बंद करून आणि मग चालू करून, आणि दोन्ही वेळा एकच प्रश्न, शेवट काय असेल असं वाटतं? आवाज बंद असताना त्या म्हणाल्या, मला काही कळलं नाही, कुणीतरी बाई पुस्तक वाचतेय. आवाजासकट बघितल्यावर म्हणाल्या अप्पा दुसरं लग्न करून बसले असतील. मैत्रिणीला इतका आनंद झाला की तिने लगेच एक्स्पोर्टला लावायला सांगितलं. मी थांबवलं, म्हटलं एकदा पुस्तक वाचलेल्या कुणालातरी दाखवू, कारण न वाचलेल्याला फुटलं का कळतं, पण आपण दिशाभूल करतोय का हे वाचलेल्यालाच कळणार. असा माणूस आमच्यात एडिटरच निघाला. पहिला कट करताना त्याने पुस्तक वाचलेलंच नव्हतं, म्हणूनच तर तो हात आणि तो फाँट, आणि मधल्या काळात डोंबिवली फास्टमध्ये उभ्याउभ्या त्याने ते संपवलं होतं. त्याने एकच बदल सांगितला, दुधाच्या हिशोबाचा कोट आईचा उल्लेख येतो त्याच्या लगेच नंतर नको, आधी घ्या, म्हणजे तो घराचा वाटेल, आईचा नाही. तसं केलं.